बाबांच्या वहीतला ‘देणे’चा रकाना

निळ्या पुठ्ठ्याची एक दोनशे पानी वही माझ्यासमोर आहे. पहिल्या पानावर बाबांच्या अक्षरात ‘श्री’ आणि खाली दोन रकाने: ‘मिळाले’ आणि ‘देणे’. पहिली नोंद ऑगस्ट २०१२ ची. ऑक्टोबर २०१७ पर्यंत अक्षर बाबांचं, पुढे आईचं, आणि शेवटचं दीड पान माझं. रत्नागिरीतल्या आमच्या घरावर घेतलेल्या रिव्हर्स मॉर्गेजचा, म्हणजे राहतं घर गहाण ठेवून बँकेकडून दर महिन्याला पैसे घ्यायच्या कर्जाचा, सगळा जमाखर्च या वहीत आहे. घरावर महिना पैसे कसे मिळतात हे बरेच लोक सांगतात. आई-बाबा गेल्यावर मुलांच्या वाट्याला काय येतं हे फारसं कोणी सांगत नाही, आणि आम्हाला ते नऊ महिने भोगून कळलं, म्हणून हे लिहिते आहे.

बाबा खासगी कारखान्यात फोरमन होते. निवृत्तीनंतर भविष्य निर्वाह निधीची पेन्शन महिना अकराशे रुपये. साठवलेली रक्कम ठेवीत होती, पण ताईचं आजारपण आणि बाबांची बायपास यात ती निम्मी झाली. मी ठाण्यात, दादा पुण्यात. आम्ही पैसे पाठवायचो, पण बाबांना ते घेताना जड जायचं. “महिन्याच्या पाच तारखेला मुलांच्या फोनची वाट बघायची नाही मला,” असं ते आईला म्हणाल्याचं आईनंच मला सांगितलं.

बाबांच्या मनात पहिल्यांदा आलं ते राजापूर तालुक्यातलं गावचं घर. चिरेबंदी, पडवी-माजघर, मागे कलमांची बाग. “त्या घरावर घ्यावं कर्ज, इथलं राहू दे तुम्हाला,” असं त्यांचं म्हणणं. बँकेच्या वकिलांनी सातबारा हातात घेतला आणि मिनिटभरात परत दिला. त्यावर तेवीस नावं होती. त्यातली सहा माणसं हयात नव्हती आणि त्यांच्या वारसांची नोंद झालेली नव्हती. वाटप कधीच झालं नव्हतं. शिवाय बागेची जमीन शेतीची. रिव्हर्स मॉर्गेज मिळतं ते राहत्या घरावर, तेही स्वकष्टार्जित आणि स्वतः राहत असलेल्या. सामायिक, वडिलोपार्जित घरावर नाही आणि कलमांच्या बागेवर तर नाहीच. कोकणातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांची अडचण इथेच आहे. घर मोठं, पण कागदावर त्यांचं एकट्याचं नाही.

रत्नागिरीचं घर मात्र चोख होतं. १९८६ साली बिगरशेती प्लॉट घेतला, १९९० मध्ये घर बांधलं, दोन्ही बाबांच्या पगारातून. खरेदीखत, मिळकत पत्रिका, नगर परिषदेच्या घरपट्टीच्या पावत्या असं सगळं एका पिशवीत होतं. वकिलांनी तीस वर्षांचा शोध घेतला आणि घर निर्वेध आहे असा दाखला दिला.

मग मूल्यांकनकर्ते आले. त्यांनी खोल्या मोजल्या आणि छोटी हातोडी घेऊन मागच्या बाजूच्या खांबांवर ठोकत फिरले. एका ठिकाणी आवाज पोकळ आला. गिलावा खरवडला तर आतली सळई गंजून फुगलेली. समुद्राच्या खाऱ्या हवेत हे होतंच. घराचं पुढचं आयुष्य किमान वीस वर्षं आहे असा दाखला लागतो, त्यामुळे आधी तो खांब आणि गच्चीचा एक कोपरा दुरुस्त करावा लागला. त्याला पासष्ट हजार गेले, कर्ज मंजूर होण्याआधीच.

किंमत ठरली ५० लाख. बाबांनी वहीच्या मागच्या पानावर भागाकार केला होता: पन्नास लाख भागिले १८० महिने, २७,७७७ रुपये. बँकेनं सांगितला आकडा ८,९६० रुपये. बाबांचा चेहरा पडला. त्या दिवशी शाखेतल्या एका तरुण अधिकाऱ्यानं खुर्ची ओढून घेऊन त्यांना जे समजावलं, ते मी जसंच्या तसं लक्षात ठेवलं आहे.

“काका, हे पन्नास लाख आम्ही तुम्हाला वाटून देत नाही. किमतीच्या ऐंशी टक्के, म्हणजे चाळीस लाख, ही पंधराव्या वर्षाच्या शेवटी तुमच्या नावावर असणाऱ्या कर्जाची मर्यादा आहे. त्यात मुद्दल आलं आणि व्याजही आलं. तुम्ही हप्ता भरत नाही, त्यामुळे प्रत्येक महिन्याचं व्याज कर्जात मिळवलं जातं आणि पुढच्या महिन्यात त्यावरही व्याज लागतं.”

आमचा दर सालाना १०.८ टक्के होता, म्हणजे महिना ०.९. महिना ८,९६० रुपये पंधरा वर्षं घेतले तर हातात येतात १६ लाख १३ हजार आणि देणं होतं चाळीस लाख. साध्या गृहकर्जात पहिल्या महिन्यात कर्ज सर्वात मोठं असतं आणि पुढे उतरत जातं. इथे पहिल्या महिन्यात ते जवळजवळ शून्य असतं आणि चढत जातं. म्हणून बँक आपल्याला मिळणारा महिन्याचा हप्ता सुरुवातीलाच लहान ठेवते. कर्जदाराचं वय जास्त असेल आणि मुदत कमी घेतली, तर हप्ता मोठा मिळतो. बाबा तेव्हा एकाहत्तर वर्षांचे होते, आई सहासष्ट. आईचं वय धरून त्यांनी पूर्ण पंधरा वर्षांची मुदत घेतली. पंधरा वर्षांनंतर हप्ता थांबतो, पण कर्जदार हयात असेपर्यंत घरातून कोणी उठवत नाही. फक्त व्याज चालू राहतं.

हा पैसा करमुक्त असतो. २००७ च्या अर्थसंकल्पात या योजनेची घोषणा झाली, राष्ट्रीय आवास बँकेनं नियम केले आणि २००८ मध्ये आयकर कायद्यातही तशी तरतूद झाली. मिळणारी रक्कम उत्पन्न नसून कर्ज आहे, म्हणून कर नाही. बाबांना या वाक्याचं समाधान वाटलं आणि त्याच वाक्याची धास्तीही वाटली.

दादा विरोधात होता. त्याचं म्हणणं, “आम्ही असताना घर गहाण का ठेवायचं?” बाबा त्याला म्हणाले, “तू असताना ठेवतोय म्हणून तुला सांगतोय. गेल्यावर कळलं असतं तर?” त्यांनी आम्हा तिघा भावंडांना रत्नागिरीला बोलावलं, कागद वाचून दाखवले, आणि मगच सही केली. या एका गोष्टीबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

घर एकट्या बाबांच्या नावावर होतं, तरी बँकेनं आईला सहकर्जदार करून घेतलं आणि बाबांनी घर आईला देणारं नोंदणीकृत मृत्युपत्र केलं. हे झालं नसतं तर २०१७ साली काय झालं असतं, याचा विचार मला आजही नको वाटतो. कर्ज फेडायची वेळ येते ती शेवटचा कर्जदार गेल्यावर. आई सहकर्जदार नसती तर बाबा गेल्याबरोबर ते कर्ज देय झालं असतं, आणि शहात्तर वर्षांच्या माणसाच्या मागे राहिलेल्या एकाहत्तर वर्षांच्या बाईला घर विकायला लागलं असतं.

वहीतल्या तीन नोंदी सांगते, म्हणजे कर्ज कसं वाढतं ते दिसेल. पहिल्या वर्षाच्या शेवटी मिळाले १,०७,५२०, देणे १,१३,००० च्या आसपास. फरक साडेपाच हजारांचा. बाबांनी शेजारी लिहिलं आहे, ‘ठीक’. पाच वर्षांनी, जुलै २०१७ मध्ये, मिळाले ५,३७,६००, देणे ७,०८,७००. त्यांच्या हातची ती शेवटची वार्षिक बेरीज. आणि जानेवारी २०१९ ची नोंद आईची आहे. त्या महिन्यात पहिल्यांदा व्याजाचा आकडा हप्त्यापेक्षा मोठा झाला. आईच्या हातात येत होते ८,९६० आणि कर्जावर त्याच महिन्याचं व्याज चढलं होतं नऊ हजारांवर. आईनं मला फोन करून विचारलं, “मी आता जेवढे घेते त्यापेक्षा जास्त त्यांचं वाढतंय. हे बरोबर आहे का गं?” हिशेब बरोबर होता. साडेसहा वर्षांनी तसं होणारच होतं, ते पहिल्या दिवसापासून आकड्यात होतं. पण वहीत लिहिलं नसतं तर आम्हाला ते दिसलं नसतं. बँकेचं वार्षिक विवरण येतं, त्यात फक्त शिल्लक असते. ती दर वर्षी मागून घ्यावी आणि कुटुंबातल्या सगळ्यांनी बघावी.

त्या पैशानं आईचं काय झालं, हेही लिहायला हवं. तिची औषधं, कामवाली बाई, गॅस, वीज, आणि दर गणपतीला नातवंडांच्या हातावर ठेवायला कोऱ्या नोटा. अकरा वर्षं तिनं आमच्याकडे एक रुपया मागितला नाही. घर गेलं तरी चालेल पण हे व्हायला हवं होतं, असं मला वाटतं. दादालाही आता वाटतं.

अटींपैकी दोन आम्हाला जवळजवळ महागात पडल्या. वरचा मजला रिकामा होता आणि दादानं महाविद्यालयातल्या मुलांना तो भाड्यानं द्यायचं ठरवलं होतं, अनामत रक्कमही बोलून झाली होती. मी सहज कर्जाचा करार काढून वाचला. घर किंवा घराचा भाग भाड्यानं दिला तर बँक कर्ज मुदतीआधीच परत मागू शकते. तो बेत तिथेच थांबला. दुसरी अट घर सोडून राहण्याची. डिसेंबर २०२१ मध्ये आई मोरीत पडली, खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली आणि मी तिला ठाण्याला आणलं. सलग एक वर्ष कर्जदार घरात राहिला नाही तर त्यानं घर कायमचं सोडलं असं धरलं जातं आणि कर्ज देय होतं. हे माझ्या लक्षात आलं दहाव्या महिन्यात. वॉकर घेऊन चालणाऱ्या आईला दिवाळीच्या आत रत्नागिरीला नेलं, रात्रंदिवस राहणारी बाई ठेवली आणि शाखेत जाऊन लेखी पत्र दिलं की कर्जदार घरी परत आल्या आहेत. पत्राच्या प्रतीवर शिक्का घेतला. घरपट्टी, विमा आणि दुरुस्ती यांचंही तसंच, ही तिन्ही कर्जदाराचीच जबाबदारी. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मागचे पत्रे उडाले तेव्हा विम्याचा हप्ता भरलेला होता, म्हणून निभावलं.

आई गेली ऑगस्ट २०२३ मध्ये, अधिक श्रावणात. जुलैपर्यंतचे १३२ हप्ते मिळाले होते, एकूण ११ लाख ८२ हजार. देणं २२ लाख ५३ हजार.

तेरावं झाल्यावर मी आणि दादा शाखेत गेलो. वागणूक नीट होती. त्यांनी सांगितलं की वारसांना पहिला हक्क आहे: कर्ज आणि व्याज भरा आणि घर सोडवून घ्या. ते जमत नसेल तर घर विकून कर्ज फेडा, उरलेली रक्कम तुमची. दोन्ही नाही झालं तर बँक घर विकेल आणि वर उरलेले पैसे वारसांना देईल. घराची किंमत कर्जापेक्षा कमी भरली तर वरचा तोटा बँकेचा, वारसांच्या खिशातून काही मागता येत नाही. म्हणजे कर्जाचं ओझं मुलांच्या डोक्यावर येईल ही भीती खरी नाही. खरी भीती वेगळी आहे. पत्रात दोन महिन्यांची मुदत होती, आणि व्याज आई गेली त्या दिवशी थांबलं नव्हतं.

२२ लाख ५३ हजारांवर ०.९ टक्के म्हणजे महिना वीस हजारांवर, दिवसाला जवळजवळ पावणेसातशे रुपये. आणि आमची वाट कागदांनी अडवलेली.

दादाला घर ठेवायचं होतं. त्यानं स्वतःच्या नावावर गृहकर्ज काढून हे कर्ज फेडायचं ठरवलं. त्याच्या बँकेनं विचारलं, मिळकत पत्रिकेवर नाव कोणाचं? बघितलं तर अजून बाबांचंच. बाबा गेल्यावर मृत्युपत्र होतं, पण त्यावरून आईचं नाव लावून घ्यायचा अर्ज आम्ही कधी केलाच नव्हता. सहा वर्षं कोणी विचारलं नाही म्हणून राहून गेलं. मूळ मृत्युपत्र बँकेच्या तिजोरीत, त्याची साक्षांकित प्रत मिळवण्यात पाच आठवडे गेले.

आईनं मृत्युपत्र केलंच नव्हतं. बाबांनी केलं होतं म्हणून तिलाही वाटलं आणि आम्हालाही वाटलं की ते काम झालेलं आहे. त्यामुळे तिचे वारस झालो मी, दादा, आणि २०१९ मध्ये गेलेल्या ताईची दोन मुलं. भाचा दुबईत. त्याचं मुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात साक्षांकित होऊन यायला आणि इथे त्यावर मुद्रांक लागायला दोन महिने. पुढे घर विकायचं ठरल्यावर खरेदीदाराच्या वकिलांनी दिवाणी न्यायालयाचा वारस दाखला मागितला. त्यासाठी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस, हरकतींसाठी थांबणं, तारीख. नगर भूमापन कार्यालयात आधी बाबांकडून आईकडे, मग आईकडून आमच्याकडे, असे दोन फेरफार.

तोपर्यंत दादानं घर ठेवायचा विचार सोडला होता. आमचे हिस्से आणि बँकेचं देणं मिळून त्याला जेवढं कर्ज लागत होतं तेवढं त्याच्या पगारात बसत नव्हतं. मुदत संपायच्या आत आम्ही बँकेला लेखी अर्ज देऊन वाढ मागितली. अर्जासोबत न्यायालयातल्या अर्जाची प्रत आणि खरेदीदाराचं इरादापत्र जोडलं, आणि वाढ मिळाली. तोंडी आश्वासनावर राहिलो असतो तर घर बहुधा लिलावात गेलं असतं, आणि कोकणात लिलावातल्या घराला कसा भाव येतो ते सगळ्यांना माहीत आहे.

मे २०२४ मध्ये विक्री झाली, सत्तर लाखांना. त्या दिवशी देणं होतं २४ लाख ४२ हजार. म्हणजे नऊ महिन्यांत एक लाख एकोणनव्वद हजार रुपये नुसते व्याजात गेले, आणि तेवढ्यात आईला एकवीस महिने हप्ता मिळाला असता. खरेदीदारानं एक धनादेश थेट बँकेच्या नावे दिला, बँकेनं गहाण सोडवल्याचं पत्र आणि मूळ खरेदीखत टेबलावर ठेवलं आणि बाकीचे साडेपंचेचाळीस लाख आम्ही तीन वाट्यांत विभागले. ताईचा वाटा तिच्या मुलांना.

आता माझी आत्या, देवरुखला राहणारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांची, हेच कर्ज घ्यायचं म्हणते आहे. घर तिच्या एकटीच्या नावावर, काका गेले तेव्हाच तिनं मिळकतीवर नाव लावून घेतलं आहे. मागच्या महिन्यात मी तिच्याबरोबर बसून तिचं मृत्युपत्र नोंदवलं, आणि ते अमलात आणायला त्यात एका मुलाला व्यवस्थापक नेमलं, म्हणजे पुढे सगळ्यांच्या सह्यांसाठी धावायला नको. मृत्युपत्राची एक साक्षांकित प्रत बँकेत न देता मोठ्या मुलाकडे ठेवली. मुदत तिनं दहाच वर्षांची मागितली आहे, हप्ता मोठा हवा म्हणून. दहा वर्षांनी तो थांबेल तेव्हा काय, हे मी तिला विचारलं, तर म्हणाली, “तेव्हा मी अठ्ठ्याऐंशीची असेन, तेवढ्यापुरतं पोरं बघतील, आणि ते त्यांनी मला आत्ता सांगायचं.”

म्हणून मूल्यांकन करणारे यायच्या आदल्या रविवारी तिचे तिन्ही मुलगे देवरुखला येणार आहेत. बाबांची वही मी सोबत नेणार आहे.